संकटसमयीचे घर : गॅस, वीज, पाणी आणि कुलूप

घरात अचानक काही बिघडले, की पहिला प्रश्न ‘काय करावे’ हा नसतो. ‘ते कुठे आहे’ हा असतो. गॅसचा खटका कुठे, विजेची मुख्य कळ कुठे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे, जादा किल्ली कोणाकडे? स्वतःच्या घरात तीस वर्षे राहिलेल्या माणसालाही यांपैकी एखादे उत्तर ठाऊक नसते, आणि भाड्याच्या घरात तर बहुधा दोन-तीन उत्तरे घरमालकाच्याच डोक्यात राहून गेलेली असतात. तरुण माणूस शोधाशोध करून वेळ निभावून नेतो. गुडघे दुखत असताना, चष्मा दुसऱ्या खोलीत असताना आणि घरात अंधार असताना ती शोधाशोध करणे ज्येष्ठांना जमत नाही. म्हणूनच ही योजना आधी कागदावर उतरवावी लागते.

योजना प्रत्यक्ष कशी आकाराला येते हे समजावे, यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. पुण्यातील एका सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. भाड्याने राहणारे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आजी बहात्तर वर्षांच्या. आजोबांना वास फारसा येत नाही. आजींच्या बोटांना संधिवात आहे. सकाळी चार तास मदतनीस बाई येतात. मुलगी बंगळुरूला, घरमालक नाशिकला. असे घर आपल्या ओळखीतही असेल, कदाचित ते आपलेच असेल.

गॅसचा वास आला तर

सिलिंडरमधील एलपीजी वायू हवेहून जड असतो. तो गळू लागला, की वर न जाता जमिनीलगत पसरतो; ओट्याखाली, कपाटाच्या तळाशी, पलंगाखाली साठत जातो. स्वयंपाकघराची खिडकी बहुधा ओट्याच्या वर असते. त्यामुळे केवळ ती उघडून खालचा वायू लवकर जात नाही. ज्याची चौकट जमिनीपर्यंत येते असे गॅलरीचे दार उघडणे अधिक उपयोगाचे. नळाने येणारा पाइप गॅस मात्र मुख्यतः मिथेन असतो. तो हवेहून हलका असल्याने छताकडे जातो आणि खिडकीतून सहज बाहेर पडतो. आपल्या घरी कोणता गॅस आहे हे आपल्याला ठाऊक असतेच. पण रात्रपाळीला नव्याने आलेल्या मदतनीसालाही ते सांगून ठेवावे.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. मात्र वाढत्या वयात घ्राणशक्ती मंदावते आणि सर्दी-पडशात ती आणखी कमी होते. आमच्या उदाहरणातील आजोबा एकटे असतील, तर वास हा इशारा त्यांच्यापुरता जवळजवळ नाहीच. अशा घरात गॅसगळतीची सूचना देणारा यांत्रिक घंटासंच बसवणे अगत्याचे ठरते. तो कुठे बसवला यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. सिलिंडर असेल तर जमिनीपासून साधारण एक फुटावर. पाइप गॅस असेल तर छताजवळ. सिलिंडरच्या घरात हा संच वर, ट्यूबलाइटशेजारी बसवलेला असेल, तर गॅस त्याच्यापर्यंत पोहोचायला फार उशीर होतो.

वास आला किंवा घंटा वाजली, की पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, ज्योत विझवावी. शेगडी बंद करावी. देवघरातील समई, निरांजन, उदबत्तीही विझवावी. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. दिवा लावू नये, त्याचप्रमाणे लागलेला दिवा घालवूही नये. कारण ठिणगी बटण दाबताना पडते, मग ते चालू होवो वा बंद. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढण्याचा मोह अनेकांना होतो. तोही टाळावा.

दुसरी गोष्ट, रेग्युलेटरचा खटका ‘ऑफ’वर आणावा. तरीही सिलिंडरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू येत असेल, तर रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या दोरीला बांधलेली सुरक्षा टोपी तोंडावर घट्ट बसवावी. पाइप गॅस असेल तर शेगडीमागच्या नळीवरचा दांडा फिरवावा. दांडा नळीच्या रेषेत असला तर गॅस चालू, नळीला आडवा असला तर बंद, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट, दारे-खिडक्या हाताने उघडून बाहेर पडावे. फोन बाहेर गेल्यावरच करावा. शेजाऱ्यांना बोलावताना बेल वाजवू नये, दार ठोठवावे. लिफ्ट वापरू नये. मोकळ्या हवेत आल्यावर 1906 या क्रमांकावर एलपीजी गळतीची तक्रार करावी. हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक आपल्या देयकावर छापलेला असतो, तो आजच यादीत उतरवून घ्यावा.

घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर काळजीवाहकाची द्विधा होते : आधी गॅस की आधी माणूस? आधी गॅस. खटका फिरवायला काही सेकंद लागतात. माणसाला हलवायला कित्येक मिनिटे आणि दुसरे दोन हात लागतात. खटका बंद करावा, रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडावी, मग शेजाऱ्यांचे दार ठोठावावे. मात्र वास इतका उग्र असेल की डोळे चुरचुरतात आणि श्वास घेववत नाही, तर सिलिंडरपाशी जाण्याचा प्रयत्न न करता बाहेर पडून मदत आणावी.

आजींच्या बाबतीत एक अडचण उरते. त्यांच्या बोटांना रेग्युलेटरचा खटका फिरवता येईल का? याचे उत्तर शांत दिवशीच शोधावे. सिलिंडर देणारा माणूस आला असता त्याच्यासमोर खटका बंद करून पाहावा, टोपी बसवून पाहावी. जमले नाही तर तो खटका रोज रात्री आजोबांनी किंवा मदतनीस बाईंनी बंद करायचा, असे ठरवून टाकावे. नळीची तपासणीही याच वेळी करावी. गॅस कंपनीच्या मान्यताप्राप्त नारिंगी सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची असते आणि ती मुदत नळीवरच छापलेली असते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

वीज अचानक गेली किंवा जळका वास आला तर

दिवे गेले, की आधी दार उघडून जिन्यातील दिवा पाहावा. तो चालू असेल, तर बिघाड आपल्याच घरातला. मग विजेच्या पेटीपाशी जावे, कोरड्या हातांनी आणि पायांत चपला घालून.

पेटीत साधारण दोन प्रकारच्या कळा असतात. लहान कळांना एमसीबी म्हणतात. तारेवर भार जास्त झाला किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजेच शॉर्ट सर्किट झाले, की त्या आपोआप पडतात. दुसरी, थोडी रुंद आणि ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असलेली कळ म्हणजे आरसीसीबी. प्रवाह तार सोडून भलतीकडे, उदाहरणार्थ गिझरच्या पाण्यात, ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या शरीरात झिरपू लागला, की ती पडते. पहिल्या कळा प्रामुख्याने तारांचे रक्षण करतात, दुसरी माणसाचे. घरात आरसीसीबी नसेल, तर तेवढ्यासाठी घरमालकाकडे आग्रह धरावा. ती असेल, तर महिन्यातून एकदा ‘टी’ दाबून पाहावा. कळ खट्कन पडली पाहिजे. पडली नाही, तर ती निकामी झाली आहे.

कोणती कळ पडली आहे ते पाहिले, की कारण बरेचसे उलगडते. समजा, पावसाळ्यातील सकाळी आजोबांनी गिझर लावला आणि घरभर अंधार झाला. पेटीत रुंद कळ पडलेली आहे. आता सर्व लहान कळा खाली कराव्यात, रुंद कळ वर करावी, मग लहान कळा एकेक करून वर घ्याव्यात. जी वर घेताच रुंद कळ पुन्हा पडते, तिच्याच शाखेत गळती आहे. येथे ती गिझरची निघाली. ती एकच कळ खाली ठेवावी, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवावी, बाकीचे घर चालू राहू द्यावे आणि वायरमनला बोलवावे. तोवर त्या न्हाणीघरातील विजेच्या बटणांना कोणी हात लावू नये.

एखादी लहान कळ एकदा वर केली आणि लगेच पडली, तर ती पुन्हा वर करू नये. पुन्हा-पुन्हा रेटल्याने आतला दोष तापत जातो. ‘कळ सारखी पडते, तर मोठ्या क्षमतेची बसवू’ हा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. तार जुनीच असेल, तर मोठी कळ पडणार नाही आणि भिंतीतली तार मात्र तापेल.

जळका वास, धूर किंवा ठिणग्या दिसल्या, तर मुख्य कळ बंद करावी. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : इन्व्हर्टर. मुख्य कळ बंद केली तरी इन्व्हर्टर त्याच्या शाखांना वीज पुरवतच राहतो. त्याची कळ वेगळी असते. तीही बंद करावी. विजेच्या आगीवर पाणी कधीही टाकू नये. आग लहान असेल आणि घरात कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे असेल, ते वापरण्याचा सराव असेल आणि पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तरच प्रयत्न करावा. एरवी त्या खोलीचे दार लावून घ्यावे, घराबाहेर पडावे आणि 101 वर अग्निशमन दलाला कळवावे. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला असेल, तर त्याला स्पर्श न करता आधी मुख्य कळ पाडावी.

ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेची गादी किंवा श्वासाचे यंत्र चालू असते, त्यांनी आपल्या कागदावर आणखी एक ओळ लिहावी : वीज गेल्यावर हे यंत्र किती वेळ चालेल आणि त्यानंतर काय? कॉन्सन्ट्रेटर विजेविना थांबतो. भरलेला जादा ऑक्सिजन सिलिंडर, त्याची चावी आणि तो चालू करता येणारी व्यक्ती, या तिन्ही गोष्टी घरात हव्यात. सिलिंडर आहे पण चावी सापडत नाही, ही स्थिती सिलिंडर नसण्यासारखीच.

पाणी घरात आले तर

पाणी दोन वाटांनी येते : घरातून आणि बाहेरून.

घरातली वाट म्हणजे फुटलेली नळी, निसटलेला नळ, गिझरची सांध्यातून सुटलेली जोडणी. येथे एकच उपाय लगेच लागू पडतो, तो म्हणजे घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे. तो कधी न्हाणीघराच्या माळ्यावर, कधी डक्टमध्ये, तर कधी गच्चीवरच्या टाकीखाली असतो. गच्चीवर असेल, तर ज्येष्ठांनी जिने चढण्याचा विचारच सोडावा आणि ते काम रखवालदाराकडे सोपवावे. मात्र त्यासाठी आपल्या घराच्या व्हॉल्व्हवर घरक्रमांक रंगवलेला हवा; नाहीतर तो बिचारा चार घरांचे पाणी बंद करून पाहील. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तो बंद करून पुन्हा उघडावा. छतातून गळणारे पाणी दिव्याच्या किंवा पंख्याच्या जोडणीतून टपकत असेल, तर पाण्याआधी त्या खोलीची वीज बंद करावी. ओल्या फरशीवर चालण्याची घाई करू नये. या प्रसंगात ज्येष्ठांना खरा धोका पाण्याहूनही घसरून खुब्याचे हाड मोडण्याचा असतो.

बाहेरची वाट अधिक भयंकर. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने मुठा नदी फुगली आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी तरुण कुटुंब पाणी उंबऱ्याशी येईपर्यंत थांबू शकते. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला तेवढी मुभा नसते, कारण घोट्याएवढे वाहते पाणीही त्याचा तोल घालवते.

म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी निघण्याची वेळ मनाच्या भरवशावर न ठेवता एखाद्या खुणेवर ठरवावी. ‘सोसायटीच्या फाटकाशी पाणी आले, की आम्ही वरच्या मजल्यावर जाणार’, असे आधीच ठरवावे, आणि वरच्या मजल्यावरील कोणत्या घरी जाणार हेही त्यांना विचारून ठेवावे. रात्री धरणातून विसर्ग वाढणार असल्याची सूचना आली, तर निजण्यापूर्वीच हलावे.

निघताना तीन कामे. पाय कोरडे असतानाच विजेची मुख्य कळ आणि इन्व्हर्टर बंद करावा. पाण्यात उभे राहून पेटीला हात लावू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी बसवावी, कारण पाणी चढले की सिलिंडर तरंगू लागतो आणि नळीला हिसका बसून ती सुटते. तिसरे काम म्हणजे पिशवी : आठवड्याची औषधे, औषधांच्या चिठ्ठ्या, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, दात, ओळखपत्र, थोडी रोकड आणि फोनचा चार्जर. ही पिशवी पावसाळाभर भरूनच ठेवावी. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेले असू शकते, म्हणून जिन्यानेच जावे.

पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याखेरीज वीज सुरू करू नये. जमिनीखालील टाकीत पुराचे पाणी शिरले असेल, तर ती स्वच्छ होईपर्यंत ते पाणी पिऊ नये. भिजलेली औषधे, पट्टी कोरडी दिसली तरी, वापरू नयेत.

दार बंद झाले तर

कुलपाच्या प्रसंगाकडे आपण गैरसोय म्हणून पाहतो. परंतु ज्येष्ठांच्या घरात ते इतर तिन्हींइतकेच गंभीर ठरू शकते, कारण बंद दारामागे पडलेला माणूस असू शकतो किंवा पेटलेली शेगडी.

प्रथम बाहेर अडकण्याचा प्रसंग घेऊ. आजी कचरा ठेवायला दाराबाहेर येतात, वाऱ्याने दार लोटले जाते, लॅच लागते. आत आजोबा झोपलेले, दूध गॅसवर. येथे एकच गोष्ट कामाला येते : शेजारी ठेवलेली जादा किल्ली. प्रत्येक घराचे तीन संच असावेत. एक स्वतःकडे, एक त्याच मजल्यावरील विश्वासू शेजाऱ्यांकडे, एक शहरातील नातेवाइकाकडे किंवा स्नेह्याकडे. संच देऊन झाला, की एकदा तो प्रत्यक्ष लावून पाहावा. नव्याने घडवलेली किल्ली फिरतेच असे नाही. आतून किल्ली कुलपातच राहिली असेल, तर काही कुलपे बाहेरच्या किल्लीने उघडत नाहीत. म्हणून आतली किल्ली कुलपात न ठेवता शेजारच्या खिळ्याला अडकवावी.

दुसरा प्रसंग आत अडकण्याचा. रात्री लॅचवर भागत नाही म्हणून अनेक घरांत आतून कडी, साखळी आणि वर आणखी एक बोल्ट लावतात. मग शेजाऱ्यांकडे किल्ली असूनही तिचा उपयोग होत नाही. एकटे राहणाऱ्यांनी रात्री केवळ बाहेरून किल्लीने उघडणारे भक्कम कुलूप लावावे, कडी लावू नये. चोराची भीती वाटत असेल तर कुलूप अधिक चांगले घ्यावे. अडथळे वाढवू नयेत. सुरक्षा जाळीच्या दाराला आतून टाळे लावण्याची सवय असेल, तर त्याची किल्ली आतल्या बाजूला, अंधारात हाताला लागेल अशा ठरलेल्या जागी ठेवावी.

न्हाणीघराचे दार हा स्वतंत्र विषय. पडण्याचे प्रसंग तेथे वारंवार घडतात आणि कडी आतून असते. त्यातही दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाचे शरीरच दाराला अडसर होते. यावर सोपी तोड म्हणजे आतली कडी काढून बाहेर ‘आत कोणी आहे’ अशी पाटी लावणे. संकोच वाटत असेल, तर बाहेरून नाण्याने फिरवता येईल असे कुलूप मिळते, ते बसवावे. शक्य असल्यास दार बाहेर उघडेल असे करून घ्यावे. हे काम एका दिवसाचे आहे.

किल्ली नाही, आतून उत्तर येत नाही, अशी वेळ आली तर किल्लीवाल्याची वाट पाहू नये. 101 किंवा 112 लावावा. अडकलेल्या माणसासाठी दार उघडणे हे अग्निशमन दलाचे कामच आहे. किल्लीवाला बोलवायचा तो निवांत प्रसंगी, आणि तोही रखवालदाराच्या किंवा शेजाऱ्यांच्या उपस्थितीत.

घरमालक आणि भाडेकरू

नळी फुटलेली असताना ‘खर्च कोणी करायचा’ हा वाद सुरू होणे हे भाड्याच्या घरांचे दुखणे आहे. भाडेकरू परवानगीची वाट पाहतो, मालक फोन उचलत नाही, आणि पाणी खालच्या घराच्या छतातून टपकू लागते. यावरची तोड करार करतानाच काढावी.

केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात जबाबदाऱ्यांची एक यादी दिलेली आहे. इमारतीची रचनात्मक दुरुस्ती, नळाच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा मालकाकडे. नळाचे वॉशर, गिझर, बटणे, प्लग आणि कुलपे भाडेकरूकडे, अशी साधारण वाटणी तीत आहे. हा कायदा नमुन्यादाखल आहे. आपल्या करारात जे लिहिले असेल तेच दोघांच्या कामी येते. तरी करार लिहिताना ही वाटणी समोर ठेवण्यास सोयीची आहे.

त्या करारात किंवा वेगळ्या सहीच्या पत्रात दोन वाक्ये अवश्य घालावीत. ‘गॅस, वीज, पाणी किंवा कुलूप यांचा तातडीचा प्रसंग उद्भवल्यास आणि घरमालकांशी अर्ध्या तासात संपर्क न झाल्यास, भाडेकरूंनी ठरलेल्या रकमेपर्यंत आवश्यक ती दुरुस्ती करून घ्यावी, पावती व छायाचित्रे दाखवल्यावर मालकाच्या वाट्याचा खर्च पुढील भाड्यातून वळता होईल.’ आणि दुसरे : ‘घराची जादा किल्ली अमुक व्यक्तीकडे बंद पाकिटात राहील, पाकीट केवळ आपत्तीतच उघडले जाईल आणि उघडल्याचे दोघांनाही त्याच दिवशी कळवले जाईल.’ रकमेचा आकडा दोघांनी ठरवून भरावा. आमच्या उदाहरणातील घरमालक नाशिकला असल्याने त्यांनी पुण्यातील आपला एक प्रतिनिधी नेमावा आणि त्याचा क्रमांक द्यावा.

घर ताब्यात देताना मालकाने भाडेकरूला सोबत घेऊन चार जागा दाखवाव्यात : विजेची पेटी व खाली मीटरच्या खोलीतील कळ, पाण्याचा व्हॉल्व्ह, गॅसचा खटका आणि जादा किल्लीचे ठिकाण. प्रत्येकाचे छायाचित्र काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवावे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनी हीच फेरी काळजीवाहकाबरोबर मारावी.

दारामागचा कागद

आता संपर्कयादी. ती फोनमध्ये असतेच, पण फोनची बॅटरी संपते आणि मदतीला धावलेल्या शेजाऱ्याला आपल्या फोनचा परवलीचा आकडा ठाऊक नसतो. म्हणून मोठ्या, ठळक अक्षरांत एका कागदावर ती लिहावी आणि मुख्य दाराच्या आतल्या बाजूस लावावी. एक प्रत शेजाऱ्यांकडे, एक घरमालकांकडे, एक परगावच्या मुलांकडे.

कागदाच्या माथ्यावर क्रमांक नव्हे, तर आपलाच पत्ता लिहावा. घाबरलेल्या माणसाला आणि नव्या मदतनीसाला तोच आठवत नाही.

आमचा पत्ता : घरक्रमांक, मजला, इमारत, रस्ता, जवळची ठळक खूण
फोनवर सांगायचे वाक्य : ‘येथे गॅस गळतो आहे / आग लागली आहे / माणूस आत अडकला आहे. घरात अमुक वयाचे दोन ज्येष्ठ आहेत. एकांना चालता येत नाही.’

कोणतेही संकट, पोलीस : 112
अग्निशमन दल : 101
रुग्णवाहिका : 108
एलपीजी गळती : 1906
पाइप गॅस : देयकावरील आपत्कालीन क्रमांक
वीजपुरवठ्याची तक्रार : 1912, सोबत देयकावरील ग्राहक क्रमांक
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : 1077 (मुंबई महानगरपालिका हद्दीत 1916)
ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी : 14567

शेजारी (किल्ली यांच्याकडे) : ……
सोसायटीचा रखवालदार : ……
सोसायटीचे सचिव : ……
घरमालक / भाडेकरू : ……
मालकांचे शहरातील प्रतिनिधी : ……
वायरमन : ……
नळकाम करणारे : ……
कुटुंबाचे डॉक्टर : ……
मुलगा / मुलगी : ……

खटक्यांच्या जागा : विजेची पेटी ……, इन्व्हर्टर ……, पाण्याचा व्हॉल्व्ह ……, गॅस ……
आजार, नेहमीची औषधे, ॲलर्जी, रक्तगट : ……

परगावच्या मुलांचे नाव यादीत शेवटी का, असे वाटेल. संकटात आईवडिलांचा पहिला फोन बहुधा लेकीला किंवा लेकाला जातो. तेथून ती मंडळी शेजाऱ्यांना फोन लावतात आणि यात मोलाची दहा मिनिटे जातात. जो पाच मिनिटांत दारात उभा राहू शकतो त्याला आधी, आणि जो हजार कोसांवर आहे त्याला नंतर, हा क्रम वडीलधाऱ्यांना प्रेमाने पण निक्षून सांगावा.

यादीतील खासगी क्रमांक दर सहा महिन्यांनी लावून पाहावेत. वायरमन गाव सोडून जातात, रखवालदार बदलतात. तारीख लक्षात राहावी म्हणून पावसाळ्याआधीचा एक दिवस आणि दिवाळीच्या साफसफाईचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी ‘टी’ दाबावा, व्हॉल्व्ह फिरवावा, नळीवरची मुदत वाचावी, शेजाऱ्यांकडची किल्ली लावून पाहावी आणि कागदावर खाली तारीख घालावी. या सगळ्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. आणि घरात आलेल्या नव्या मदतनीसाला सोबत घेतले, तर तिची शिकवणीही त्यातच होऊन जाते.